डावा दंड आणि पेटीचा भाता

लस टोचण्याआधी सिस्टरांनी सरळ प्रश्न विचारला होता, "रोजचं काम कोणत्या हाताने करता?"

मी म्हणालो, "उजव्या."

"मग डावा दंड द्या. एक-दोन दिवस जड वाटेल."

मी शर्टाची डावी बाही वर सारली आणि मोठ्या समंजसपणाने मान दुसरीकडे वळवली. मिरजगावच्या रस्त्यावर माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पाना फिरवणं, बिल लिहिणं, चहाचा कप धरणं, सगळं उजव्या हाताने. उत्तर अगदी बरोबर होतं. चुकलं एवढंच की दोन दिवसांवर बायकोच्या भजनी मंडळाची स्पर्धा होती, त्या मंडळाची पेटी मी वाजवतो, आणि पेटीचा भाता डाव्या हाताने हलवावा लागतो.

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पण नुसता माझा दंड असता तर एवढं रामायण झालं नसतं. मी सगळं मंडळच टोचून आणलं होतं.

त्याचं असं झालं. करोनाची दोन वर्षं सरली होती. गावोगाव भजनं पुन्हा सुरू झाली होती, आणि साठीच्या आतल्या माणसांनाही बूस्टर मिळू लागला होता. श्रावणात कर्जतला महिलांच्या भजन स्पर्धा ठेवल्याचं कळलं आणि बायकोच्या मंडळाने नाव दिलं. मंडळात आधी जी बाई पुढे बसून गायची ती मुलाकडे पुण्याला राहायला गेली. मग पुढची जागा माझ्या बायकोकडे आली. ती वीस वर्षं मागच्या ओळीत बसून झील धरणारी बाई. पुढे बसायचं म्हटल्यावर आधी नको नको म्हणाली, आणि नंतर महिनाभर आमच्या घरात तेच एक भजन शिजत होतं. भाकरी थापताना ते, कपडे पिळताना ते. शेजारच्या मळ्यातली म्हैस त्या तालावर रवंथ करते असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस मला भाजीत मीठ कमी मिळालं.

स्पर्धा रविवारी. शुक्रवारी गावच्या शाळेत लसीकरणाचं शिबिर लागलं. मी विचार केला, कर्जतला चार गावची माणसं येणार, गर्दी होणार, तर आपलं मंडळ बंदोबस्त करून न्यावं. हा विचार मला दुकानात एका बोअरच्या मोटारीचं वाइंडिंग बघताना सुचला. तो सुचल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की कुणाला विचारायचं राहूनच गेलं. मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला: शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी शाळेत यावं, दुसऱ्या डोसला सहा महिने होऊन गेलेल्या सर्वांनी बूस्टर घ्यावा, नंतर चहा माझ्यातर्फे.

चहा म्हटल्यावर सगळ्या आल्या.

सिस्टरांनी एवढ्या बायका एकदम रांगेत बघितल्या तेव्हा विचारलं, "आज काय विशेष?"

"रविवारी स्पर्धा आहे," मी म्हणालो. "म्हटलं आधीच संरक्षण घेऊन ठेवावं."

सिस्टर हसल्या. "अहो दादा, याचा उपयोग व्हायला दोनेक आठवडे जातात. परवाच्या गर्दीला हा डोस कुठला पुरतोय. पुढच्या मंगळवारी परत शिबिर आहे. तेव्हा घेतला तरी चालेल."

आता रांग लागली होती. चहावाल्याला सांगून झालं होतं. माझ्या मागे पाच-सहा बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर माघार घ्यायची म्हणजे काय. मी म्हणालो, "नको, आलोच आहोत तर घेऊन टाकू."

डोस झाल्यावर सिस्टरांनी सगळ्यांना अर्धा तास बाकांवर बसवून ठेवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की दंड दुखेल, अंग मोडल्यासारखं होईल, कुणाला कणकण येईल, कुणाला काहीच होणार नाही. दंड चोळायचा नाही. ताप वाटला तर साधी पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं. मला हे ऐकू आलं असणार, कारण मी समोरच होतो. पण मी चहाचे कप मोजत होतो.

संध्याकाळी सरावाला बसलो. पेटीचं झाकण काढलं, खटका सोडला, डावा हात भात्यावर ठेवून दाबला आणि माझ्या तोंडून जो सूर निघाला तो पेटीत नव्हता.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. भाता जरा जड वाटतोय."

"भाता का दंड?"

दंडात कुणीतरी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं वाटत होतं. पेटी वाजवणारा मनुष्य डाव्या हाताला कधी मोजतच नाही. तो हात मागे बसून गुपचूप हवा देत राहतो आणि शाबासकी उजव्या हाताच्या बोटांना मिळते. त्या दिवशी त्याने हिशेब मांडला.

तिकडे मृदंगावर आमच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी बसल्या होत्या. गावातली निम्मी पोलकी त्यांच्याच हातची. त्यांनीही सिस्टरांना उजवाच हात सांगितला होता, कारण कात्री उजव्या हातात असते. मृदंगाचं घुमणारं तोंड मात्र डावीकडे. त्यांनी एक थाप मारली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "भाऊजी, चहा चांगला हुता हं."

टाळ धरणाऱ्या मावशी, म्हणजे मंडळातली सगळ्यात जुनी बाई, वय साठीच्या एक पाऊल अलीकडे, त्यांचा टाळ मात्र ठणठण वाजत होता. त्यांना काहीच झालं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना काळजी लागली होती.

"तुमचं सगळ्यांचं दुखतंय," त्या म्हणाल्या, "माझंच कसं न्हाई? मला त्या बाईनं नुसतं पाणी टोचलं का काय?"

सराव तिथेच मोडला. रात्री मला कणकण आली. अंगावर दोन गोधड्या घेतल्या तरी पाठीतून थंडी जाईना. बायकोने थर्मामीटर लावला, शंभराच्या जरा वर. तिने गोळी दिली, पाणी दिलं आणि ती झोपली. तिचाही दंड दुखत होता, हे मला सकाळी कळलं. ती त्याच दंडाने चुलीवर पाणी तापवत होती.

शनिवारी मी उठलो तो पूर्ण आजारी माणूस होऊन. ताप असा फार नव्हता, पण अंगात जीव नव्हता. मी आईची जुनी शाल घेतली, तिची झोळी केली, डावा हात तिच्यात ठेवला आणि गळ्यात गाठ मारून ओट्यावर येऊन बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं अशा बेताने बसलो होतो, हेही सांगून टाकतो. दूधवाल्याने विचारलं, "काय सायेब, गाडीवरनं पडला का?" बूस्टर घेतलाय म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि पुढे गेला. त्यानेही मागच्या आठवड्यात घेतला होता आणि दोन्ही कॅन तोच उचलत होता.

माझी आई शेंगा फोडत बसली होती. साठीच्या पुढच्यांना बूस्टर आधीच मिळाला होता, तिने तो हिवाळ्यातच घेतला होता. तिने माझ्या झोळीकडे बघितलं.

"हे काय बांधलंय?"

"हात हलवला की कळ येते."

"मंग मिठाच्या पुरचुंडीनं शेकते, आण हिकडं. चांगला दाबून चोळते."

"चोळायचा नाही म्हणाल्या सिस्टर."

"व्हय? मला टोचलं तवा मी चोळला न्हाई आन् शेकलाबी न्हाई. येक दिस दुखलं. दुसऱ्या दिशी इळा घेऊन घासाला गेल्ते." तिने शेंग फोडली. "बापासारखाच हायेस. त्येंनाबी काटा टोचला तर घर झोपत नसायचं."

तेवढ्यात बायकोचा मोबाईल वाजला. कर्जतहून स्पर्धेच्या कार्यकर्त्याचा फोन होता. ती त्याला काय म्हणाली ते मला ओट्यावर ऐकू येत होतं. "हो... हो, येणारच... हां, एवढ्यात पक्कं न्हाई... आज दिवस मावळायच्या आत सांगते." फोन ठेवून ती बाहेर आली, खांबाला टेकली.

"काय म्हणाला?"

"एक मंडळ वाट बघतंय. कुणाचं रद्द झालं तर त्यांना घालणार. नक्की येणार असाल तर आज संध्याकाळपर्यंत पक्कं सांगा म्हणाला. मागून येत न्हाई म्हणायचं न्हाई."

मी म्हणालो, "मग रद्द करून टाक. हा हात काही आठ दिवस उठत नाही. वहिनींनाही ताप आहे. पुढच्या वर्षी जाऊ."

बायकोने केस बांधले होते ते सोडले आणि परत बांधले. तिला राग आला की ती असं करते. महिनाभर जी बाई येता-जाता गात होती ती सकाळपासून एकदाही गायली नव्हती, हे मला तेव्हा जाणवलं. शाल गळ्यात जरा काचायला लागली.

"आठ दिवस कोण म्हणालं तुमाला?" ती म्हणाली.

"मला वाटतं."

"तुमाला वाटलं म्हणून तर शुक्रवारी रांग लागली. आता ज्यांना ठावं हाय त्यांना विचारू."

सिस्टरांचं उपकेंद्र आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. गाडीवर बसायला मला धीर नव्हता, म्हणून चालतच निघालो. मी शालीच्या झोळीसकट, ती पुढे, आणि वाटेत मावशी सामील झाल्या, कारण त्यांना पाण्याचा निकाल लावून घ्यायचा होता. दोन्ही बाजूंना बाजरी निसवून कणसं बाहेर पडली होती. एरवी मी तिच्यावर काहीतरी बोललो असतो, त्या दिवशी नुसता धापा टाकत चाललो.

सिस्टर लहान मुलांच्या डोसचा डबा बंद करत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी आधी विचारलं, "पडलात का?"

"न्हाई हो," बायको म्हणाली, "कालचाच हात हाय हा."

सिस्टरांनी झोळी सोडायला लावली. दंड बघितला, बोटांनी हलकं दाबलं. टोचलं तिथे थोडी सूज होती, जरा लाल होतं. ताप बघितला, शंभराच्याही खाली आला होता. खोकला, घसा, श्वासाला त्रास, काही आहे का विचारलं. काही नव्हतं. मला वाटत होतं त्या काहीतरी लांबलचक नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "नेहमीचंच आहे. शरीर कामाला लागलंय, त्याचं हे."

"किती दिवस चालायचं?" बायकोने विचारलं. तिने हे इतकं सरळ विचारलं की मी तिच्याकडे बघितलं. ती सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होती, रिझल्ट ऐकायला आलेल्या पोरीसारखी.

"ताप, कणकण, थकवा, बहुतेकांचं दीड-दोन दिवसांत उतरतं. आज रात्री नाहीतर उद्या सकाळी अंग हलकं वाटेल. दंड थोडा जास्त, दोन-तीन दिवस दुखतो. पण रोज कमी कमी होत जातो."

"उद्या दुपारी गाणं हाय आमचं. यांना पेटी वाजवायची."

"लिहून कसं देऊ? कुणाला एखादा दिवस जास्तही लागतो. पण बहुतेक करून उद्यापर्यंत ताप नसेल." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तीन दिवसांच्या वर ताप राहिला, चढत गेला, नाहीतर दंडाची लाली पसरत गेली, श्वासाला त्रास वाटला तर थांबायचं नाही, सरळ यायचं."

"झोळी?" मी विचारलं.

"झोळी कुणी सांगितली?"

कुणी सांगितली नव्हती. मी शालीची घडी घालायला लागलो.

"बांधून ठेवला की तो आणखी आखडतो. हात चालता ठेवा. ओझं उचलू नका, पण हलवत राहा. गार पाण्याची पट्टी ठेवा थोडा वेळ. झोप घ्या."

मावशी मागे उभ्या होत्या त्या पुढे आल्या. "सिस्टर, मला काय झालं न्हाई. माझं वाया गेलं का?"

"नाही हो मावशी. काही झालं नाही तरी डोस लागतोच. दुखलं तरच लागला असं नसतं."

"मंग बरं हाय," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या दंडाकडे बघून, "म्हणजी ह्येंचं जास्त दुखतंय म्हणून ह्येंना जास्त लागलं असंबी न्हाई?"

"तसंही नाही."

मावशींचं पूर्ण समाधान झालं. माझं थोडं कमी झालं.

परत येताना बायकोने वाटेतच कर्जतला फोन लावला. "येतोय म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "पक्कं."

"आणि उद्या हात नाही चालला तर?"

"त्याचं बघू."

तिने ते पाहिलंही. घरी आल्या आल्या मला तिने झोपायला लावलं आणि मी दुपारभर असा झोपलो की शेजारच्या ट्रॅक्टरनेही जाग आली नाही. उठलो तेव्हा अंग घामाने ओलं होतं आणि डोकं मोकळं. ओट्यावर पेटी मांडलेली होती. पेटीच्या डाव्या अंगाला पाटावर माझी आई बसली होती, पदर खोचून, हात भात्यावर.

"आत्याबाई हवा देणार," बायको म्हणाली. "तुमी नुसती बोटं चालवा."

"आईला कुठे येतंय?"

"येतंय काय त्यात," आई म्हणाली. "चुलीला फुंकर घालत घातली एवढी वर्सं. ह्यो तर पत्र्याचा हाय."

भाता पत्र्याचा नव्हता. एका पेटीला दोन माणसं बसलो. सुरुवातीला आई चुलीच्या हिशेबाने हवा द्यायची, म्हणजे धूर झाला की जोरात आणि जाळ लागला की बंद. पेटी मधेच हंबरायची, मधेच मुकी व्हायची. बायको गाताना हसू आवरायची. मृदंगवाल्या वहिनी चादर पांघरून आल्या होत्या, त्यांचा ताप उतरत होता, त्या नुसत्या ताल मोजत बसल्या. आणखी दोघी घरी झोपूनच होत्या. अंधार पडेपर्यंत आईला लय सापडली. भाता हळू, सारखा. तिच्या चेहऱ्यावर असा गंभीरपणा आला होता, जणू गावचं पाणी हिच्याच हाताने सुटतंय.

मी मात्र सिस्टरांचं ऐकून अधूनमधून हात हलवत होतो. वर, खाली, मागे. आई बघायची आणि म्हणायची, "घार झालाय व्हय?"

रविवारी सकाळी ताप नव्हता. थर्मामीटर दोनदा लावला, बायकोने दुसऱ्यांदा लावू दिला नसता पण ती आंघोळीला गेली होती. अंग थोडं रिकामं वाटत होतं, उपास सुटल्यासारखं, पण भूक लागली होती आणि मी दोन भाकरी खाल्ल्या. दंड शर्ट घालताना बोलला. शर्ट घातल्यावर गप्प बसला. मी कुणी बघत नसताना भाता थोडा हलवून बघितला. कळ होती, पण कालची वाळू निम्मी झाली होती.

टेम्पोत वहिनी मृदंग मांडीवर घेऊन बसल्या होत्या, चादर नव्हती.

"ताप?" मी विचारलं.

"गेला. दंड हाय अजून." त्यांनी हळूच एक थाप मारली. "पण बोलतोय."

झोपलेल्या दोघीही आल्या होत्या. एकीला अजून जांभया येत होत्या. मावशींना काहीच होत नव्हतं म्हणून त्यांनी सगळ्यांच्या पिशव्या उचलल्या.

मी आईला म्हणालो, "मला वाटतं मी हलवीन आता भाता. तू समोर बसून ऐक."

आईने खिडकीतून बाहेर बघितलं. "काल मला बशिवली तवा मी बसले. आता उठायची न्हाई. नवं लुगडं काय खुर्चीत बसाया नेसलेय?"

कर्जतच्या सभागृहात पंखे जोरात फिरत होते आणि माईक मधूनच शिट्टी घालायचा. आमचं नाव पुकारलं. बायको पुढे, मागे बाकीच्या, उजव्या अंगाला मृदंग, डावीकडे पेटीपाशी मी आणि पेटीच्या बाजूला माझी आई, सत्तरीची, हिरव्या लुगड्यात, भात्यावर हात ठेवून. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी हे बघून शेजाऱ्याला कोपर मारलं. मला घाम फुटला आणि मला वाटलं परत ताप आला. ती फक्त भीती होती.

भजन सुरू झालं. बायकोचा आवाज आधी जरा बिचकला, दुसऱ्या ओळीला सावरला. महिनाभर मी जे भजन भाकरीच्या थापटण्यात ऐकलं होतं ते मला पहिल्यांदा नुसतं ऐकू आलं. अधेमधे तवा नव्हता, नळ नव्हता. बाई चांगली गाते हे मला माहीत होतं, म्हणजे असावं. बोटं आपली चालत होती.

आणि मधल्या कडव्याला, ती वरच्या सुराला चढली तिथे, पेटी बंद पडली.

मी बाजूला बघितलं. आईचा हात भात्यावर तसाच होता, पण हलत नव्हता. ती तोंड उघडून सुनेकडे बघत होती. या घरात येऊन तिच्याशी वीस वर्षं भांडलेली आणि तिच्याबरोबर जेवलेली ही पोर एवढ्या लोकांत बसून असं गातेय, ते बघताना भात्याचं भान तिला राहिलं नव्हतं. डोळे भरले होते.

बायको थांबली नाही. पेटी नाही, मृदंगानेही आपोआप हात आखडला, नुसता टाळ आणि तिचा आवाज. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. ती एकटी ती ओळ पूर्ण म्हणाली आणि सम आली तेव्हा माझा डावा हात आपला उठला, आईच्या हातावर पडला आणि भाता चालायला लागला. दुखलं. पण दुखतंय हे मला भजन संपल्यावर कळलं. शेवटपर्यंत भात्यावर आईचा हात, आईच्या हातावर माझा.

उतरल्यावर आई म्हणाली, "माझं चुकलं का रं?"

"नाही," मी म्हणालो. "चुकायचं ते मी शुक्रवारीच चुकलोय."

निकाल लागला. आम्हाला तिसरा क्रमांक. परीक्षक म्हणून आलेल्या वयस्क गृहस्थांनी माईकवर सांगितलं की मधल्या कडव्याला साथ थांबवून मोकळा आवाज ठेवण्याची कल्पना चांगली होती, हल्लीच्या मंडळांना पेटी थांबवायची हिंमत होत नाही. वहिनींनी मला डोळ्यांनी सांगितलं, गप्प बसा. मावशी म्हणाल्या, "आमचं आदीच ठरलेलं हुतं," आणि टाळ पिशवीत घातले.

परतीच्या टेम्पोत अंधार होत आला होता. आईला झोप लागली होती, तिचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर. डाव्या अंगाला बायको बसली होती, मांडीवर करंडक, त्याच्यावर पदर झाकलेला, जणू ऊन लागेल. मी वाट बघत होतो की ती काहीतरी म्हणेल. मिरजगाव जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, "दंड कसा हाय?"

मी जरा कण्हल्यासारखं करून म्हणालो, "आहे अजून. थोडा."

"असू द्या," ती म्हणाली. "सिस्टर दोन-तीन दिवस म्हणाल्यात. उद्याचा दिवस तुमचा. मंगळवारी दळण आणायचंय, ते तुमीच आणा, डाव्या हातानं. आन् पुढच्या वर्षी टोचून घ्यायचं झालं तर स्पर्धा झाल्यावर घ्या, न्हाईतर डाव्याच दंडात घ्या. भात्यावर आत्याबाईच बसतील."